उणे दोन आले कुठून?

बारावी विज्ञानाला गणित घेतलेल्या कुणालाही पुढचं उदाहरण दिलं तर तो ते दोन ओळींत सोडवून दाखवेल. 1/x² या फलनाचं −१ पासून १ पर्यंत समाकलन, म्हणजे कॉलेजच्या भाषेत इंटिग्रेशन, करायचं आहे. नियम पाठच असतो : x च्या घातात एक मिळवा आणि नव्या घाताने भागा. 1/x² म्हणजे x⁻², म्हणून त्याचं समाकलन −1/x. आता त्यात आधी वरची मर्यादा घाला, मग खालची, आणि वजाबाकी करा.

∫₋₁¹ dx/x² = [−1/x]₋₁¹ = (−1) − (1) = −2

प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे. चिन्हाची गफलत नाही, आकडेमोडीची नाही. तरीही उत्तर चूक आहे, आणि ती चूक किरकोळ नाही.

1/x² मध्ये x चा वर्ग आहे. वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून x ची किंमत धन असो की ऋण, हे फलन कायम धनच राहतं. त्याचा आलेख काढला तर तो सगळाच्या सगळा x-अक्षाच्या वर असतो. समाकलन म्हणजे त्या आलेखाखालचं क्षेत्रफळ. मग अक्षाच्या वर असलेल्या आकृतीचं क्षेत्रफळ शून्याखाली कसं जाईल? थोडं पुढे जाऊन पाहू. −१ आणि १ या टोकांवर फलनाची किंमत १ आहे, आणि मधे सगळीकडे त्याहून जास्त : x अर्धा असताना ४, एक दशांश असताना १००. म्हणजे दोन एकक रुंद आणि एक एकक उंच असा आयत या आलेखाखाली आरामात मावतो. उत्तर काहीही असलं तरी ते दोनपेक्षा मोठंच असायला हवं. आपल्याला मिळालं उणे दोन.

आकडेमोड बरोबर आणि उत्तर अशक्य, असं झालं की आपण वापरलेला नियम इथे लागू होता का, हे तपासावं लागतं.

वजाबाकी कधी चालते

वरच्या दोन ओळींत वापरलेला नियम म्हणजे कलनशास्त्राचं मूलभूत प्रमेय. f या फलनाचं a पासून b पर्यंत समाकलन हवं असेल, तर ज्याचं अवकलन केलं की f मिळतं असं F शोधा आणि F(b) मधून F(a) वजा करा. मधल्या असंख्य बिंदूंवरची बेरीज अशी फक्त दोन टोकांवरून मिळून जाते. पण प्रमेयाला एक अट आहे : F आणि f यांचं हे नातं a ते b या संपूर्ण पट्ट्यात टिकलं पाहिजे, मधे कुठे तुटता कामा नये. परीक्षेतली बहुतेक उदाहरणं ही अट आपोआप पाळतात, म्हणून तिच्याकडे पाहायची सवय राहत नाही.

घरच्या वीजबिलात आपण हेच करतो. चालू रीडिंगमधून मागील रीडिंग वजा केलं की महिन्याभरात वापरलेली युनिट मिळतात. रोज किती वीज जळली याची नोंद ठेवावी लागत नाही. आता समजा मागील रीडिंग ८,४०० होतं, महिन्याच्या मधेच मीटर बदलला आणि नवा मीटर शून्यापासून सुरू होऊन महिनाअखेर ६० दाखवतो. कुणी डोळे मिटून वजाबाकी केली तर वापर उणे ८,३४० युनिट येईल. वजाबाकी बरोबर आहे, पण दोन्ही रीडिंग एकाच मीटरची नाहीत. योग्य हिशोब दोन तुकड्यांत करावा लागतो. जुना मीटर काढताना त्यावर ८,४५० होते, म्हणजे ५० युनिट तिथली आणि ६० नव्याची, एकूण ११०.

−1/x चं शून्यापाशी असंच होतं. x डावीकडून, −१ पासून शून्याकडे सरकतो तसं −1/x ची किंमत १ पासून वाढत वाढत अनंताकडे जाते. शून्य ओलांडलं की हेच फलन उणे अनंतापासून नव्याने सुरू होतं आणि पुन्हा वाढत वाढत −१ पर्यंत येतं. दोन्ही बाजूंना ते सतत चढतंच आहे, तरी सुरुवातीला १ वर असलेलं शेवटी −१ वर येऊन पोचतं, कारण मधे त्याने अनंत खोल उडी मारलेली आहे. टोकांवरच्या दोन आकड्यांना त्या उडीचा पत्ताच नसतो. बिलापेक्षा इथली स्थिती बिकट आहे ती एवढ्याचसाठी, की जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंगच अनंत आहे.

फट सोडून मोजणं

मग खरं उत्तर काढायचं कसं? अडचण x = 0 या एकाच जागी आहे, तर तिच्या दोन्ही बाजूंना थोडी फट सोडायची. फटीची प्रत्येक बाजूची रुंदी ε मानू. डावा तुकडा −१ पासून −ε पर्यंत, उजवा तुकडा ε पासून १ पर्यंत. या दोन्ही तुकड्यांत शून्य येत नाही, म्हणून मूलभूत प्रमेय तिथे बिनधोक चालतं. उजव्या तुकड्याचं क्षेत्रफळ निघतं 1/ε − 1. आलेख दोन्ही बाजूंना सारखाच असल्यामुळे डाव्याचंही तेवढंच. दोन्ही मिळून

2/ε − 2

आता फट लहान लहान करत न्यायची आणि ही किंमत कुठल्या आकड्यावर स्थिरावते ते पाहायचं. फट ०.१ असताना क्षेत्रफळ १८. फट ०.०१ केली की १९८. ०.००१ केली की १,९९८. फट दहा लाखांश भागाएवढी केली तर १९,९९,९९८. हा आकडा कुठे थांबत नाही. म्हणून योग्य उत्तर असं : या समाकलनाला मर्यादित किंमत नाही, ते अनंताकडे जातं. गणिताच्या पुस्तकात अशा वेळी समाकलन अपसारी आहे असं लिहितात.

पण वरच्या सूत्राकडे पुन्हा एकदा पाहा. 2/ε नंतर आलेला आकडा ओळखीचा आहे. आपल्या चुकीच्या उत्तरातले उणे दोन तिथे उभे आहेत.

चुकीचं उत्तर कशाचं बरोबर उत्तर होतं?

म्हणजे भाबड्या पद्धतीने उत्तराचा एक तुकडा बरोबर काढला होता, फक्त अनंत होणारा दुसरा तुकडा गाळून टाकला होता. आता हा उणे दोनचा तुकडा मोजतो काय?

त्यासाठी आपल्या पट्ट्याबाहेर जाऊ. 1/x² चा आलेख −१ आणि १ या टोकांवर संपत नाही. तो दोन्ही दिशांना उतरत उतरत अनंतापर्यंत जातो. १ पासून उजवीकडे अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ काढलं तर ते बरोबर १ येतं, कारण 1/x² पुरेशा वेगाने लहान होतं. डावीकडेही तेवढंच. म्हणजे पट्ट्याबाहेर उरलेल्या दोन शेपट्यांचं मिळून क्षेत्रफळ २.

आता फटीबाहेरचा सगळाच्या सगळा आलेख, दोन्ही दिशांना अनंतापर्यंत, मोजला तर क्षेत्रफळ 2/ε भरतं. त्यातला −१ ते १ मधलाच भाग हवा असेल तर बाहेरच्या शेपट्यांचे दोन वजा करायचे. म्हणून 2/ε − 2. भाबड्या पद्धतीने आतलं क्षेत्रफळ मोजलंच नव्हतं. तिने बाहेरचं मोजलं आणि त्यापुढे उणे चिन्ह लावलं.

हे फट सोडण्याच्या पद्धतीमुळे घडलं असं वाटू नये म्हणून हाच प्रश्न वेगळ्या वाटेने पाहू. प्रकाशाची तीव्रता दिव्यापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. समजा एक छोटा दिवा आहे आणि त्याच्याजवळून जाणाऱ्या सरळ रुळावरून प्रकाश मोजणारा सेन्सर एका ठरावीक वेगाने सरकतो आहे. प्रवास दिव्यासमोरच्या बिंदूच्या एक मीटर आधी सुरू होतो आणि एक मीटर पुढे संपतो. सेन्सर सगळ्या दिशांनी येणारा प्रकाश सारखाच टिपतो असं धरू. रूळ दिव्यापासून d मीटर अंतरावरून जात असेल, तर सेन्सरने गोळा केलेला एकूण प्रकाश 1/(x² + d²) च्या समाकलनाच्या प्रमाणात असतो. इथे छेद कधीच शून्य होत नाही, त्यामुळे गणितात कसलाही अडसर नाही.

रूळ दहा सेंटिमीटरवरून गेला तर उत्तर २९.४२ येतं. एक सेंटिमीटरवरून गेला तर ३१२.१६. एक मिलिमीटरवरून गेला तर ३,१३९.५९. या आकड्यांमागचं सूत्र d लहान असताना जवळजवळ π/d − 2 एवढं आहे. रूळ दिव्याच्या जितका जवळ, तितका पहिला तुकडा फुगत जातो, आणि रूळ दिव्यातूनच न्यायचा म्हटला तर तो अनंत होतो. पण दुसरा तुकडा तोच : उणे दोन. रूळ दोन्ही दिशांना अमर्याद लांब असता तर π/d मिळाले असते. तो एकेका मीटरवर तोडल्यामुळे दोन गमावले. वाढणारा भाग पद्धतीगणिक बदलतो, टोकांनी ठरवलेला भाग बदलत नाही.

फ्रेंच गणिती झाक आदामार यांनी या उरलेल्या भागाचा रीतसर उपयोग करून घेतला. लाटांच्या समीकरणांवर काम करताना त्यांना असेच अनंत होणारे समाकल भेटत होते. १९२३ साली येल विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या व्याख्यानांच्या पुस्तकात, अनंत तुकडा नियमाने बाजूला काढून मर्यादित भागावर काम करण्याची पद्धत मांडलेली आहे. पुढे विमानाच्या पंखाभोवतीचा हवेचा प्रवाह आणि धातूतल्या भेगांवरचा ताण मोजण्याच्या गणितात ती वापरात आली. तिथे उणे दोन हे उत्तर लिहिलं जाऊ शकतं, पण लिहिणाऱ्याला हा आदामारचा मर्यादित भाग आहे, क्षेत्रफळ नव्हे, हे माहीत असतं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हेच उणे दोन क्षेत्रफळ म्हणून येतं, आणि तिथे ते चूक ठरतं.

जिथे उत्तर पटण्यासारखं दिसतं

1/x² ची चूक निदान ओरडून सांगते. ऋण क्षेत्रफळ कुणालाही खटकेल. खरा धोका 1/x मध्ये आहे. −१ पासून २ पर्यंत त्याचं समाकलन करू. 1/x चं समाकलन म्हणजे |x| चा लॉगॅरिदम.

∫₋₁² dx/x = ln 2 − ln 1 = ln 2 ≈ 0.693

फलन डावीकडे ऋण आणि उजवीकडे धन आहे. −१ ते १ मधला ऋण भाग धन भागाने भरून निघाला, आणि १ ते २ मधलं क्षेत्रफळ उरलं, असं स्पष्टीकरणही लगेच सुचतं. उत्तर धन आहे, लहान आहे, पटण्यासारखं आहे. धोक्याची घंटा कुठेच वाजत नाही.

हे भरून निघणं कितपत खरं आहे, याचा निकाल पॅरिसच्या एकोल पॉलितेक्निकमध्ये शिकवणाऱ्या ओग्युस्तँ-लुई कोशी यांनी १८२३ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत लावला. अठराव्या शतकातले गणिती समाकलनाकडे मुख्यतः अवकलनाची उलट क्रिया म्हणून पाहत. कोशींनी समाकलनाची व्याख्या लहान लहान तुकड्यांच्या बेरजेची सीमा अशी केली आणि मगच अवकलनाशी त्याचं नातं सिद्ध केलं. त्यामुळे ते नातं कुठे तुटतं, हा प्रश्न त्यांच्यासमोर आपोआप आला. चोविसाव्या व्याख्यानात त्यांनी 1/x घेतलं आणि शून्याच्या दोन्ही बाजूंना फट सोडली. मात्र दोन्हीकडची फट सारखी ठेवण्याची सक्ती केली नाही. डावीकडे फट εμ, उजवीकडे εν. ε शून्याकडे नेला की दोन्ही फटी मिटतात, पण त्यांचं एकमेकींशी प्रमाण कायम राहतं.

आपल्या उदाहरणात डावा तुकडा देतो ln(εμ), आणि उजवा देतो ln 2 − ln(εν). दोन्ही मिळवले की ε निघून जातो आणि उरतं

ln 2 + ln(μ/ν)

दोन्ही फटी सारख्या असल्या तर ०.६९३. उजवी फट डावीच्या दुप्पट ठेवली तर दोन्ही पदं एकमेकांना खातात आणि उत्तर शून्य. उजवी डावीच्या निम्मी ठेवली तर १.३८६. कुठलाही आकडा मनात धरा, फटींचं प्रमाण त्याप्रमाणे निवडून तो मिळवता येतो. फटी प्रत्येक वेळी पूर्ण मिटवल्या जात आहेत, तरी त्या कशा मिटवल्या यावर उत्तर ठरतं आहे. अशा संख्येला या समाकलनाची किंमत म्हणता येत नाही. म्हणून नियम असा : दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे, एकीचा दुसरीशी संबंध न ठेवता, मर्यादित उत्तर मिळालं तरच समाकलनाला किंमत आहे. इथे डावी बाजू एकटी उणे अनंताकडे जाते आणि उजवी एकटी अनंताकडे. अनंतातून अनंत वजा करण्याचं उत्तर आधीपासून ठरलेलं नसतं.

दोन्ही फटी सारख्या ठेवून मिळणाऱ्या विशिष्ट उत्तराला कोशींनी मुख्य किंमत असं नाव दिलं. भौतिकशास्त्रात आणि सिग्नलच्या गणितात ती आजही वापरतात. मात्र तसं करताना ती मुख्य किंमत आहे हे समाकलनाच्या चिन्हाजवळच लिहून ठेवण्याचा प्रघात आहे.

संगणकाला विचारलं तर

हाताने करण्यापेक्षा संगणकाकडून बेरीज करून घेऊ, असं कुणाला वाटेल. सगळ्यात साधी पद्धत घेऊ : −१ ते २ या पट्ट्याचे सारखे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर 1/x ची किंमत काढायची, तुकड्याच्या रुंदीने गुणायची आणि सगळं मिळवायचं. चांगल्या फलनासाठी तुकडे वाढवले की उत्तर खऱ्या किमतीच्या जवळ जातं.

नऊ तुकडे केले तर उत्तर येतं ०.६९. दहा केले तर ६.१३. अकरा केले तर −४.७५. तुकडे फार कमी झाले असतील म्हणून ९९९ करून पाहिले तर ०.६९, १,००० केले तर ६.१३, १,००१ केले तर पुन्हा −४.७५.

कारण कोशींच्या फटींत दडलेलं आहे. शून्य हा बिंदू पट्ट्याच्या बरोबर एक तृतीयांशावर आहे. तुकड्यांच्या संख्येला तीनने भाग जात असेल तर शून्य दोन तुकड्यांच्या सीमेवर पडतं, दोन्हीकडचे मध्यबिंदू त्याच्यापासून सारख्या अंतरावर राहतात आणि मुख्य किंमत मिळते. भाग जात नसेल तर शून्य एखाद्या तुकड्याच्या आत, मध्यापासून जरा बाजूला पडतं, आणि तो एकच तुकडा सगळं उत्तर ओढून नेतो. तुकडे कितीही बारीक केले तरी हे प्रमाण बदलत नाही, म्हणून तीन उत्तरं आळीपाळीने येत राहतात. पट्टा −१ ते १ असा घेऊन तुकड्यांची संख्या सम ठेवली असती, तर प्रत्येक वेळी उत्तर शून्य आलं असतं आणि कुणाला शंकाही आली नसती. छेद नेमका शून्य झाला तर संगणक निदान तक्रार करतो. शून्य दोन बिंदूंच्या मधे निसटलं तर तो मुकाट्याने एक आकडा देतो. म्हणून तुकड्यांची संख्या एका-दोनाने बदलून पाहणं ही स्वस्त आणि चांगली तपासणी आहे.

लपलेली जागा

वरच्या उदाहरणांत निदान छेदात सरळ x होता. अनेकदा अडचणीची जागा इतकी उघडी नसते. हे पाहा :

∫₀² 2x/(x² − 1) dx

हुशार विद्यार्थी लगेच u = x² − 1 घेतो; मग 2x dx म्हणजे du, x शून्य असताना u = −1 आणि x दोन असताना u = 3. उत्तर ln 3 − ln 1, म्हणजे १.०९९. प्रश्नाच्या मर्यादा ० आणि २, त्या टोकांवर छेद −१ आणि ३. कुठेच शून्य दिसत नाही. पण पट्ट्याच्या आत, x = 1 पाशी, छेद शून्य होतो. बदललेल्या रूपात हा दुसरा कुणी नसून 1/u आहे, −१ पासून ३ पर्यंत. u च्या मर्यादांची चिन्हं वेगवेगळी आहेत, म्हणजे u कुठेतरी शून्यातून गेला, ही एकच खूण इथे सावध करू शकते. योग्य उत्तर : मर्यादित किंमत नाही.

काही वेळा तर छेदच दिसत नाही. sec²x चं समाकलन tan x, म्हणून ० पासून π पर्यंतचं उत्तर tan π − tan 0, म्हणजे शून्य. पण sec²x म्हणजे 1/cos²x, आणि π/2 पाशी cos x शून्य होतो. sec²x कधी १ च्या खाली येत नाही, म्हणून उत्तर निदान π एवढं तरी असायलाच हवं होतं. फलनाची कमीतकमी किंमत गुणिले पट्ट्याची रुंदी, एवढा तोंडी अंदाज घेतला तरी शून्य आणि उणे दोन ही दोन्ही उत्तरं जागच्या जागी बाद होतात. ln 2 आणि ln 3 मात्र या अंदाजाला सापडत नाहीत, कारण तिथे फलन धन आणि ऋण दोन्ही आहे. तिथे छेद कुठे शून्य होतो हे समाकलनाला हात घालण्याआधीच सोडवून पाहावं लागतं.

सगळेच अनंत वाईट नसतात

एवढं वाचून, छेद शून्य झाला की उत्तर नाही, असा निष्कर्ष काढला तर तोही चुकेल. x च्या वर्गाचं घनमूळ छेदात असलेलं फलन घ्या, म्हणजे x^(−2/3). शून्यापाशी तेही अनंत होतं. नियमाप्रमाणे त्याचं समाकलन 3x^(1/3). −१ पासून १ पर्यंत भाबडी वजाबाकी केली तर 3 − (−3) = 6. फट सोडून तपासू. उजव्या तुकड्याचं क्षेत्रफळ 3 − 3ε^(1/3). फट एक हजारांश असताना ते २.७, दहा लाखांश असताना २.९७, ते ३ कडे जातं आणि तिथे थांबतं. डावीकडेही तसंच. उत्तर ६ अगदी बरोबर आहे.

फरक कशात आहे? दोन्ही फलनं शून्यापाशी अनंत उंच होतात, पण x^(−2/3) चा सुळका वर जाताना इतक्या झपाट्याने निमुळता होतो की त्याचं क्षेत्रफळ मर्यादित राहतं. 1/x² चा सुळका पुरेसा निमुळता होत नाही. छेदातल्या x चा घात १ पेक्षा कमी असेल तर क्षेत्रफळ मर्यादित, १ किंवा जास्त असेल तर अनंत. 1/x नेमका सीमारेषेवर बसतो आणि अनंताच्या बाजूला पडतो; म्हणून त्याच्या बाबतीत सगळं फटींच्या प्रमाणावर लोंबकळत राहतं.

भाबडी पद्धत इथे चालली, कारण 3x^(1/3) शून्यापाशी तुटत नाही. ते −१ पासून १ पर्यंत अखंड रेषेत जातं. खरी कसोटी हीच आहे. f एखाद्या बिंदूवर अनंत होतं की नाही यापेक्षा, त्या बिंदूवर F अखंड राहतं का, हे पाहायचं. F पट्ट्यात सगळीकडे अखंड असेल आणि मोजके बिंदू सोडून सगळीकडे त्याचं अवकलन f असेल, तर टोकांची वजाबाकी बरोबर उत्तर देते. F तुटत असेल तर ती चुकते, आणि यासाठी f ने अनंत होण्याचीही गरज नाही.

त्याचं उदाहरण 1/(1 + x²). या फलनात कुठेही दोष नाही. ते सगळीकडे धन, सगळीकडे मर्यादित. पण कुणी त्याचं समाकलन −arctan(1/x) असं लिहिलं तर अवकलन करून पाहता ते बरोबर ठरतं, आणि −१ पासून १ पर्यंत वजाबाकी केली की उत्तर येतं −π/2. खरं उत्तर π/2 आहे. x = 0 पाशी −arctan(1/x) हे π/2 वरून −π/2 वर उडी मारतं; उडी π एवढी, आणि चुकीच्या व बरोबर उत्तरातला फरकही बरोबर π. arctan x वापरलं असतं तर उडी नव्हती आणि चूकही नव्हती. म्हणून निश्चित समाकलनात शेवटची वजाबाकी करण्याआधी F चा आलेख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेन न उचलता काढता येतो का, एवढं पाहायचं. येत नसेल, तर जिथे पेन उचलावं लागतं तिथे पट्टा तोडायचा आणि दोन्ही बाजूंचा हिशोब वेगवेगळा करायचा.